लांबच्या प्रवासात पाय सुजणं, गुठळी आणि कॉम्प्रेशन सॉक्स : माप नेमकं कसं घ्यायचं?

मुक्ता_आर

नमस्कार. आईला (वय ६३) पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर लांबचा प्रवास करायचा आहे. आधी ११ तासांचं विमान, उतरल्यावर साधारण ५ तासांची बस. गेल्या वर्षी याच प्रवासात तिचे दोन्ही पाय घोट्यापाशी इतके सुजले की चपलेचा पट्टा लागेना. सूज दोन रात्रींत उतरली. पण ओळखीतल्या एका बाईंना प्रवासानंतर पायात गुठळी झाल्याचं कळल्यापासून मी धास्तावले आहे.

म्हणून या वेळी कॉम्प्रेशन सॉक्स घेतले, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे. दुकानदाराने चपलेचा नंबर विचारून ‘मीडियम’ दिले. काल संध्याकाळी आईने घरात दोन तास घालून पाहिले. वरची कड सारखी गुंडाळून खाली येत होती. काढले तेव्हा गुडघ्याखाली लाल, खोल वळ उमटला होता आणि तो तासभर गेला नाही. पाऊल तर नेहमीपेक्षा जड वाटतंय म्हणाली.

तिला मधुमेह आहे (१२ वर्षं, गोळ्यांवर) आणि डाव्या पोटरीवर व्हेरिकोज व्हेन्स दिसतात. मोजे घट्ट असतात तेवढे असणारच, की आमचं काही चुकतंय?

रानवारा

ताई, मोज्यांच्या फार मागे लागू नका. मूळ कारण म्हणजे रक्त घट्ट होणं. विमानातली हवा कोरडी असते, माणूस पाणी पीत नाही, रक्त दाट होतं आणि गुठळी होते. आईंना दर तासाला ग्लासभर पाणी द्या आणि निघायच्या आदल्या रात्री ॲस्पिरिनची छोटी गोळी. मी स्वतः बारा-पंधरा वर्षं हेच करतोय, कधी काही झालं नाही. आणि पाय हलवत राहा, ते महत्त्वाचं.

सुलभा_कुलकर्णी

माझ्याही पोटऱ्यांत रात्री फार गोळे येतात, प्रवासात तर हमखास. डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं पण फरक नाही. हे मोजे घातले तर गोळे थांबतात का? कोणी अनुभव घेतलाय का?

वेदवती_नर्स

मुक्ता, आधी एक काम करा : ते मोजे आईंना पुन्हा घालू नका. तुमचं वर्णन चुकीच्या मापाचं आहे. ‘घट्ट असतात तेवढे असणारच’ असं समजून लोक दहा-बारा तास तसेच बसतात आणि उतरल्यावर पाय आधीपेक्षा जास्त सुजलेला असतो. मी रक्तवाहिन्यांच्या विभागात १४ वर्षं काम करते. मोजे देण्याआधी माप घ्यायचं काम बहुतेक माझ्याकडेच असतं.

या मोज्याचं काम समजलं की चूक आपोआप दिसेल. पायातलं रक्त वर न्यायला हृदयासारखा वेगळा पंप नाही, ते काम पोटरी करते. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. तासन् तास बसून राहिलं की हा पंप बंद पडतो. रक्त पोटरीत साचतं, त्यातलं पाणी बाहेर झिरपून घोट्यापाशी सूज येते आणि संथ रक्तात गुठळी धरायला वाव मिळतो. मोजा बाहेरून शिरा थोड्या अरुंद करतो, म्हणजे तेवढंच रक्त जरा वेगाने सरकतं. त्यासाठी त्याचा दाब घोट्यापाशी सगळ्यांत जास्त आणि वर जाताना कमी कमी व्हावा लागतो.

आता आईंच्या मोज्याचं पाहा. कड गुंडाळली म्हणजे तिथे कापड दुहेरी-तिहेरी झालं आणि सगळ्यांत जास्त दाब गुडघ्याखाली आला, म्हणजे अगदी उलट. पाय खालून पिळण्याऐवजी वरून दोरी बांधल्यासारखं झालं. पाऊल जड वाटलं ते त्यामुळेच.

चपलेच्या नंबरावरून या मोज्यांचं माप ठरत नाही. मापं तीन लागतात आणि ती सकाळी उठल्या उठल्या, पाय खाली सोडून बसायच्या आधी घ्यायची. घोट्याच्या हाडाच्या जरा वर, पाय सगळ्यांत बारीक असतो तिथला घेर. पोटरी सगळ्यांत जाड असते तिथला घेर. आणि टाचेच्या तळापासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंतची उंची. दोन्ही पायांची वेगवेगळी. शिवणकामाची टेप त्वचेला नुसती टेकवायची, आवळायची नाही.

एक प्रश्न मापाआधीचा आहे. बारा वर्षांचा मधुमेह म्हणता, तर तळपायाला मुंग्या येतात का, बधिर वाटतं का? चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं का? पायावर जखम आहे का? याचं उत्तर मिळेपर्यंत नवे मोजेही घेऊ नका.

सुलभाताई, पोटरीत गोळा येणं आणि शिरेत गुठळी होणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. गोळा म्हणजे स्नायू आखडतो, पाऊल वर ओढून ताण दिला की मिनिटा-दोन मिनिटांत सुटतो. मोज्यांनी तो थांबेल असं मी सांगणार नाही.

रानवारा, पाय हलवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पाणीही प्यावं, त्याने नुकसान नाही आणि लघवीला उठावं लागतं हा मोठा फायदा. पण पाणी प्यायलं म्हणून गुठळी टळते याला भक्कम पुरावा नाही. ॲस्पिरिनबद्दल मात्र मी थांबवेन. ती मुख्यतः धमन्यांतल्या गुठळ्यांवर काम करते. शिरेतल्या, साचलेल्या रक्ताच्या गुठळीवर तिचा उपयोग थोडा आणि पोटात रक्तस्राव व्हायचा धोका खरा. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२च्या मार्गदर्शनात केवळ प्रवासासाठी ॲस्पिरिन घेऊ नये असंच सुचवलं आहे. दुसऱ्या कारणासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चालू ठेवायची, तो वेगळा विषय.

शरद_म

मुक्ताताई, घाबरवायचा हेतू नाही, पण माझं सांगतो. वय तेव्हा ४४, कुठला आजार नाही, रोज पोहणारा माणूस. १४ तासांची बस, खिडकीजवळची जागा, शेजारचा झोपलेला म्हणून मी एकदाही उठलो नाही. पायाशी बॅग असल्यामुळे पाय दुमडूनच होते.

उतरल्यावर काहीच वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी उजवी पोटरी दुखायला लागली. वाटलं, लचकली असेल. घरच्यांकडून चोळून घेतली, शेकली. पाचव्या दिवशी पोटरी टणक आणि गरम लागत होती, मोज्याची खूण त्याच पायावर खोल उमटत होती. डाव्या पायावर काही नाही. तरी मी कामावर गेलो. सहाव्या दिवशी दोन जिने चढल्यावर धाप लागली आणि श्वास आत घेताना बरगडीत कळ आली. मग मात्र इस्पितळ गाठलं. पायाच्या सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या शिरेत गुठळी दिसली आणि तिचा एक तुकडा फुप्फुसात गेला होता. रक्त पातळ करायच्या गोळ्या सहा महिने घेतल्या.

आजही वाईट याचंच वाटतं की चार दिवस माझ्याकडे होते. एकच पाय दुखतोय याचा अर्थ कोणी आधी सांगितला असता तर तिसऱ्याच दिवशी गेलो असतो.

निखिल_दूरदेशी

शरददादा, वाचून काटा आला. पण मला वाटायचं हे विमानातच होतं, ते इकॉनॉमी क्लास सिंड्रोम वगैरे. बसमध्ये हवेचा दाब तर नेहमीचाच असतो ना?

अनंत_जोगळेकर

निखिल, त्या नावाने फार घोटाळा केला आहे. विमानाशी या आजाराचं नाव जोडलं जायच्या आधी, १९४० साली लंडनवर बाँबहल्ले चालू असताना लोक रात्र-रात्र आश्रयस्थानांत घडीच्या खुर्च्यांवर बसून झोपत. तिथे फुप्फुसात गुठळी जाऊन होणारे मृत्यू वाढल्याचं डॉ. कीथ सिम्पसन यांनी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. खुर्चीची पुढची कड मांडीखाली दाबत होती आणि माणसं हलत नव्हती. ना विमान, ना कोरडी हवा. बिझनेस क्लासमध्येही हे होतं आणि गाडी चालवणाऱ्यालाही होतं.

किती वेळा होतं तेही सांगतो, म्हणजे भीती मापात राहील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासात धोका साधारण दुप्पट होतो. पण मुळातला धोकाच लहान असल्याने तो दुप्पट होऊनही तब्येतीने चांगल्या असलेल्या प्रवाशांत साधारण ६००० जणांमागे एक इतकाच राहतो.

निखिल_दूरदेशी

मग माझ्यासारख्या २९ वर्षांच्या, काही आजार नसलेल्या माणसाने मोजे घालावेत की नाही? ६००० मध्ये एक म्हणजे नकोच ना.

वेदवती_नर्स

निखिल, तुम्हाला मी मोजे घ्याच असं म्हणणार नाही. उठत-चालत राहिलात तर पुरे. पाय फार सुजत असतील तर आरामासाठी घाला. ज्यांना आधी गुठळी झाली आहे, चार-सहा आठवड्यांत मोठं ऑपरेशन झालंय, कर्करोगावर उपचार चालू आहेत, ज्या गरोदर आहेत किंवा नुकत्याच बाळंत झाल्यात, वजन बरंच जास्त आहे, त्यांचं गणित वेगळं. आणि त्यांतल्या काहींना नुसते मोजे पुरत नाहीत, डॉक्टर प्रवासाआधी इंजेक्शन किंवा गोळी देतात किंवा प्रवास पुढे ढकलायला सांगतात.

शरददादा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. एक जोडते, वाचणाऱ्यांसाठी : एका पोटरीत असं दुखणं आलं तर ती चोळायची नाही. आणि धाप, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात.

अनंत_जोगळेकर

वेदवतीताई, मोज्यांच्या पुराव्याबद्दल माझी एक शंका आहे. विमानप्रवाशांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा मोजे घातलेल्या साधारण १३०० जणांत ३ गुठळ्या आणि न घातलेल्या तितक्याच लोकांत ४७, असा फरक दिसला. आकडा मोठा वाटतो. पण त्या सगळ्या गुठळ्या लक्षणं नसलेल्या, केवळ सोनोग्राफीत सापडलेल्या. शरदरावांना झाला तसा त्रास दोन्हीकडे कोणालाच झाला नाही. मग मोजे तो गंभीर प्रकार टाळतात असं म्हणता येतं का?

वेदवती_नर्स

सरळ सिद्ध झालंय असं म्हणता येत नाही, बरोबर आहे. गंभीर प्रकार इतका क्वचित होतो की तो मोजायला फार मोठी चाचणी लागेल. माझा विचार असा, की मोठी गुठळी बहुतेक वेळा पोटरीतल्या लहान गुठळीपासूनच वाढते, तेव्हा लहान कमी झाल्या तर मोठ्याही कमी व्हाव्यात. पण हा तर्क आहे. सूज कमी होते हे मात्र त्याच चाचण्यांत स्पष्ट दिसलं.

अनंत_जोगळेकर

तर्क पटतो, पण लहान गुठळ्यांतल्या बऱ्याच आपोआप विरघळतातही. मी याबाबत अजून साशंकच राहीन.

मुक्ता_आर

सगळ्यांचे आभार. वेदवतीताई, काल आईला डॉक्टरांकडे नेलं. तळपायाला कधीकधी मुंग्या येतात असं ती पहिल्यांदाच बोलली! त्यांनी नायलॉनच्या तंतूने तळपाय टोचून पाहिला, दोन्ही अंगठ्यांखाली जाणीव थोडी कमी आहे. मग पावलांच्या नाड्या तपासल्या आणि हाताचा व घोट्याचा रक्तदाब घेऊन तुलना केली. रक्तपुरवठा चांगला आहे, हलके मोजे चालतील, पण पायाची बोटं अधूनमधून बघा असं सांगितलं.

आज सकाळी सहाला मापं घेतली. उजवा घोटा २२.५, डावा २३. उजवी पोटरी ३९, डावी ३९.८. उंची ३८. सगळं सेंटिमीटरमध्ये. कालच संध्याकाळी गंमत म्हणून डावा घोटा मोजला होता तर २४.५ आला होता.

पाकिटावरचा तक्ता पाहिला. मीडियमला घोटा २१ ते २४ आणि पोटरी ३३ ते ३७ लिहिलंय. म्हणजे घोटा बसतो, पोटरी नाही. आता लार्ज घेऊ का?

वेदवती_नर्स

डॉक्टरांकडे गेलात हे सगळ्यांत छान. जाणीव कमी असेल तर मोजा रुतला तरी दुखत नाही, म्हणून मी आधी ते विचारलं होतं. पायाच्या धमन्या अरुंद असतील तर तोच मोजा उरलेला रक्तपुरवठा दाबून टाकतो. मधुमेही माणसाने हे मोजे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत ते याचसाठी.

लार्ज घेऊ नका. पोटरी बसेल, पण लार्जचा घोटा आईंना ढिला होईल आणि दाब जिथे हवा तिथेच मिळणार नाही. घोट्याचं माप आधी धरायचं. बऱ्याच कंपन्या त्याच मापात रुंद पोटरीचा वेगळा मोजा करतात, तो मागा. शिवाय उंचीसाठी आखूड आणि लांब असे दोन प्रकार असतात. ३८ सेंटिमीटर कोणत्या प्रकारात येतं ते त्या कंपनीच्या तक्त्यात पाहा. लांब मोजा आखूड पायावर घातला की जास्तीचं कापड वर जमा होतं आणि पुन्हा गुंडाळतं.

दाब किती हेही पाकिटावर आकड्यातच वाचा. नुसतं ‘क्लास १’ वाचून फसायला होतं, कारण ब्रिटिश क्लास १ म्हणजे घोट्यापाशी १४ ते १७ एमएमएचजी आणि जर्मन क्लास १ म्हणजे १८ ते २१. प्रवासासाठी साधारण १५ ते २० पुरेसा. डॉक्टरांनी हलका म्हटलंय, म्हणजे तोच. इस्पितळात अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला घालतात ते पांढरे मोजे मात्र प्रवासासाठी नाहीत, ते पडून राहिलेल्या पायासाठी बनवलेले असतात.

घालायची पद्धत : मोजा टाचेच्या खिशापर्यंत उलटा करायचा, पाऊल आत सरकवून टाच बरोबर खिशात बसवायची, मग कापड थोडं थोडं वर चढवायचं. वरची कड धरून खेचली की खालचा भाग ताणला जात नाही आणि वरचा जास्त ताणला जातो. कड गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबली पाहिजे. उरलं तर दुमडायचं नाही, तळव्याने खाली पसरवून द्यायचं. हाताला रबरी मोजे घातले तर पकड चांगली येते. निघायच्या दिवशी सकाळी, पाय सुजायच्या आत घाला.

आणि हो, ती मापं जपून ठेवा. आईंची डावी पोटरी उजवीपेक्षा मुळातच ०.८ सेंटिमीटरने जाड आहे. माणसांच्या पायांत एवढा फरक असतोच. परत आल्यावर तुम्हाला डावा पाय जाड दिसेल आणि तुम्ही घाबराल, तेव्हा ही नोंद उपयोगी पडेल.

प्रज्ञा_स

विषय निघालाच आहे तर विचारते. पुढच्या आठवड्यात १८ तासांचा रेल्वे प्रवास आहे आणि मी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेणार आहे, मैत्रिणीकडच्या उरल्यात त्या. वय ३८. याचा गुठळीशी संबंध असतो का?

वेदवती_नर्स

प्रज्ञा, असतो. त्यासाठी बहुधा नॉरएथिस्टेरॉन देतात, आणि ते दिवसातून तीन वेळा अशा मोठ्या मात्रेत घेतलं की शरीरात त्याच्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेन बनतं. इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते. बहुतेक निरोगी बायकांना काही होत नाही, पण तुम्हाला किंवा आई-बहिणीला कधी गुठळी झाली असेल, वजन जास्त असेल किंवा सिगारेट असेल तर डॉक्टर दुसरी गोळी देतात किंवा नकोच म्हणतात. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या घेतल्या तर हे प्रश्न कोणी विचारतच नाही. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रज्ञा_स

माझ्या मावशीला बाळंतपणानंतर पायात गुठळी झाली होती! हे दोन एकत्र जोडावं असं कधी मनातच आलं नव्हतं. उद्याच विचारते.

दत्ता_चालक

मी २२ वर्षं रातराणी चालवतोय. आम्हाला उठता येत नाही, तरी उजवा पाय पेडलवर हलता असतो. डावा नुसता पडून. माझी सूज नेहमी डाव्या पायाला जास्त. प्रवाशांचं निरीक्षण सांगतो : गाडी थांबली की निम्मे लोक उतरतात आणि गाडीला टेकून उभे राहतात. तेवढ्याने पाय मोकळे होतात का? आणि बायका पाणीच पीत नाहीत, पुढे स्वच्छतागृह मिळेल की नाही या काळजीने. त्या जागेवरून हलतही नाहीत.

वेदवती_नर्स

दत्ताभाऊ, नुसतं उभं राहून फायदा नाही. उलट स्थिर उभं राहिल्यावर घोट्यातल्या शिरांवरचा दाब बसल्यापेक्षाही वाढतो. थांब्यावर पाच मिनिटं चालायचं, आणि जागा नसेल तर गाडीला हात टेकून टाचा वीसदा उचलायच्या. पोटरी आवळली गेली पाहिजे.

बसल्या जागी करायचं असेल तर पावलं गोल फिरवणं सगळे करतात, पण त्यात पोटरी फारशी काम करत नाही. पाऊल जमिनीवर ठेवून दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या जरा मागे मांडीवर टेकवा, अंगाचा भार द्या आणि तो भार उचलत टाचा वर घ्या. मग टाचा टेकवून चवडे वर ओढा. असं वीस-तीस वेळा, दर अर्ध्या तासाला. पोटरीला थोडी ऊब जाणवली की नीट होतंय. झोपेच्या गोळीने हे सगळं बंद पडतं, माणूस सहा तास एकाच स्थितीत राहतो, म्हणून प्रवासात ती टाळलेली बरी. दारूचंही तेच.

तुमच्या डाव्या पायाची सूज कायमची असेल तर तीही एकदा दाखवून घ्या. रक्तदाबाची ॲम्लोडिपीन घेता का? तिनेही घोटे सुजतात, पण सहसा दोन्ही.

दत्ता_चालक

ॲम्लोडिपीनच घेतो ताई. पण सूज एकाच पायाला जास्त, वर्षानुवर्षं. दाखवतो.

उंच_माझा_झोका

माझी उंची १५२ सेंमी. सीटवर बसल्यावर पाय लोंबकळतात, कड मांडीत रुतते. इथे कोणी म्हणतं पायाशी बॅग नको, पण मला बॅगेशिवाय पाय टेकतच नाहीत.

शरद_म

माझी बॅग मोठी होती, पाय लांब करायलाच जागा नव्हती. तुमच्यासाठी लहान, टणक बॅग पायाखाली आडवी ठेवणं योग्यच वाटतं. डॉक्टर मला म्हणाले होते की विमानात फार उंच आणि फार ठेंगण्या लोकांना धोका जास्त दिसला आहे, सीट दोघांनाही बसत नाही म्हणून.

निखिल_दूरदेशी

स्लीपर बसचं काय? आडवं झोपल्यावर पाय खाली नसतातच, म्हणजे धोका नाही ना?

वेदवती_नर्स

सूज नक्की कमी येते. गुठळीचा धोका किती कमी होतो याचं ठोस उत्तर माझ्याकडे नाही, कारण आडवं असलं तरी पोटरी शांतच असते. जाग आली की पाय हलवावेत, एवढं मी सांगेन.

दत्ता_चालक

स्लीपरच्या वरच्या बर्थवरून वयस्क माणसं रात्रभर उतरतच नाहीत, ती भीतीने. खालचा मागून घ्या.

मुक्ता_आर

पोहोचलो. प्रवासाचा हिशेब देते.

रुंद पोटरीचा, १५-२० चा मोजा मिळाला. पहाटे आईला पलंगावरच घातला. पहिल्यांदा मला बारा मिनिटं लागली, टाच नीट बसेना. विमानात मधल्या वाटेजवळची जागा घेतली, फोनवर अर्ध्या तासाचा गजर लावला. तिसऱ्या गजरानंतर आई वैतागली, मग आम्ही ठरवलं की झोपली असेल तर उठवायचं नाही, पण जाग आली की आधी टाचा आणि मग बाकीचं. एकंदर पाच वेळा चालून आलो. दर दोन-तीन तासांनी मी मोज्याच्या पुढून बोटांचा रंग आणि ऊब बघत होते.

बसमध्ये तिसऱ्या तासाला उजव्या मोज्याची कड एका बाजूने दुमडलेली सापडली. तिला ते जाणवलंच नव्हतं! लगेच सरळ केली, खाली हलकी खूण होती, दहा मिनिटांत गेली.

रात्री काढले तेव्हा पट्टा लागत होता. आज, तिसऱ्या दिवशी सकाळी : उजवी पोटरी ३९.२, डावी ४०.१. डावी ०.९ ने जास्त. दुखत नाही, गरम नाही. तरी पोटात गोळा आला बघा. हे ठीक आहे ना?

वेदवती_नर्स

आधी ०.८ होता, आता ०.९. एवढा फरक टेपच्या जागेनेही पडतो. डॉक्टर तीन सेंटिमीटरहून जास्त फरकाला महत्त्व देतात, तोही गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली मोजून. पण आकड्याची वाट बघू नका : एका बाजूला दुखणं, ऊब, नवा टणकपणा आला तर फरक एक सेंटिमीटर असला तरी दाखवायचं. शरददादांना तिसऱ्या दिवशी सुरू झालं होतं. पहिले दोन आठवडे जास्त लक्ष द्या. त्यानंतर धोका हळूहळू उतरतो, साधारण आठ आठवड्यांत नेहमीसारखा होतो.

प्रज्ञा_स

डॉक्टरांनी मावशीचं ऐकल्यावर त्या गोळ्या नको म्हणून सांगितलं. पाळी येईल तेव्हा येईल, मी तशीच जाणार आहे. आईला गुठळी झाली होती का हेही विचारलं, ते मला घरी विचारावं लागलं.

दत्ता_चालक

सोनोग्राफी केली. गुठळी नाही, डाव्या पायातल्या झडपा निकामी झाल्यात म्हणाले. मोजा लिहून दिलाय, आणि माझ्या पोटरीचं माप सकाळी पाच वाजता बायकोने घेतलं.

मुक्ता_आर

दहावा दिवस. उजवी ३९, डावी ३९.८. परतीचा प्रवास २६ तारखेला आहे. दत्ताभाऊ, एक विचारायचं राहिलं : मोजे धुऊन वाळवल्यावर थोडे सैल वाटतायत. हा जोडा परतीला चालेल की नवा घ्यावा लागेल?

वेदवती_नर्स

मीच सांगते. दोनदा धुऊन सैल होत नाहीत. रोज वापरले तर साधारण सहा महिन्यांनी लवचीकपणा जातो. कोमट पाण्यात हाताने धुता ना? पिळू नका, उन्हात किंवा हीटरवर वाळवू नका. आणि सैल वाटायचं दुसरं कारण म्हणजे आईंच्या घोट्याची सूज उतरलेली असू शकते. उद्या सकाळी घोटाही मोजून कळवा, तुम्ही दहा दिवस फक्त पोटरी मोजताय.

मुक्ता_आर

खरंच की. उजवा २२.२, डावा २२.४.